साडेआठ, पण कुणाचे?

आमच्याकडे लग्नपत्रिका आली की आई आधी मुहूर्त वाचते. बाबा हॉल कुठे आहे आणि तिथे पार्किंग आहे का ते शोधतात. मी थेट शेवटची ओळ गाठते, 'कृपया आहेर आणू नये' असं लिहिलंय की नाही ते बघायला. म्हणजे बघा, एका कार्डात वेळ, जागा, कार्यक्रम आणि येताना काय आणायचं, सगळं बसलेलं असतं. दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी म्हणजे १२ वाजून ३७ मिनिटांनी. (अक्षता एकला पडतात, ते सोडा.)

आता हीच पत्रिका पुणे, लंडन, न्यूयॉर्क आणि सिडनी अशा चार गावांना पाठवायची आहे, असं समजा. मी पाठवली होती. लग्नाची नव्हे हो, मीटिंगची. मार्च २०२५ मध्ये. आणि मुहूर्त असा काही चुकला की काम हातचं जायची वेळ आली.

काम मोठं गोड होतं. चहा विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीसाठी दर तीन महिन्यांनी निघणारं चकचकीत मासिक. मजकूर आणि सगळी जुळवाजुळव माझ्याकडे. लेआउट करणारी माझी मैत्रीण पुण्यातच, औंधला. मजकुरावर शेवटचा हात फिरवणारा संपादक लंडनचा, आणि फोटोग्राफर सिडनीचा. क्लायंट बाई न्यूयॉर्कला. फेब्रुवारीत आमची पहिली मीटिंग छान झाली. १८ फेब्रुवारी, मंगळवार. मी निमंत्रणात लिहिलं होतं: '7.00 PM IST / 1.30 PM GMT / 8.30 AM EST'. सगळे वेळेवर हजर.

मग १८ मार्चची मीटिंग आली. तोही मंगळवारच. मुखपृष्ठाचा फोटो त्या दिवशी पक्का झाला नाही, तर छपाईची तारीख पुढे जाणार होती. मी काय केलं? जे तुम्ही केलं असतंत तेच. जुनं निमंत्रण उघडलं, कॉपी, पेस्ट, तारीख बदलली, सेंड. दोन मिनिटांत काम खल्लास!

त्या दिवशी संध्याकाळी सातला मी, मैत्रीण आणि लंडनवाला ऑनलाइन. क्लायंटचा पत्ता नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मेल बघितला, तर तिचा मेल पाऊण तासापूर्वीच येऊन पडलेला. तीनच वाक्यं. मी साडेआठपासून एकटी बसले आहे. मला सव्वानऊला निघावं लागेल. सगळं ठीक आहे ना?

लोच्या असा झाला होता. ९ मार्चला न्यूयॉर्कच्या घड्याळात एक तास पुढे गेला होता. उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करायची तिकडची पद्धत आपल्याला ऐकून माहीत असते. ते एका ठरलेल्या रविवारी होतं, हेही माहीत असतं. पण अमेरिका आणि युरोप यांचा रविवार एक नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं? अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार, युरोपात मार्चचा शेवटचा. २०२५ मध्ये ९ मार्च आणि ३० मार्च. या मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये नेहमीच्या पाचऐवजी चारच तासांचं अंतर राहतं. आपलं घड्याळ कुठेच जात नाही, त्यामुळे आपण आणि न्यूयॉर्क साडेदहाचे साडेनऊ तास होतो, आणि लंडन मात्र आपल्यापासून साडेपाचवरच थांबलेलं असतं. जुन्या लोकांना हा त्रास कमी होता. अमेरिकेने २००७ मध्ये तारखा बदलल्या, त्याआधी वसंतात जेमतेम आठवडाभराचाच फरक पडायचा.

म्हणजे पुण्यात सात वाजले तेव्हा न्यूयॉर्कला साडेआठ नव्हे, साडेनऊ वाजले होते. ती बाई तासभर आधी येऊन, वाट बघून, निघूनही गेली होती.

आता यातली खरी गंमत ऐका. शब्दशः बघितलं तर मी चुकलेच नव्हते. 'EST' म्हणजे न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ, कायम यूटीसीच्या पाच तास मागे. १८ मार्चला '8.30 AM EST' म्हणजे बरोब्बर आपले सातच. फक्त त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये कुणीच EST वर चालत नव्हतं, सगळे 'EDT' वर होते. पण तिथला माणूस ही तीन अक्षरं वाचून गणित करत बसत नाही. तो एवढंच वाचतो, 'साडेआठ, म्हणजे आमचे साडेआठ'. आपण तरी वेगळं काय करतो? 'IST' दिसलं की आपले डोळे मिटून 'भारत'. पण इस्रायलची वेळही IST, आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही IST. तेव्हापासून ही आद्याक्षरं मी बंद केलीत. शहराचं नाव लिहायचं. न्यूयॉर्क म्हणजे न्यूयॉर्क, तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात जे दिसेल ते.

त्याहून मोठा फटका पुढे आहे. माझं निमंत्रण कॅलेंडरमधून गेलं होतं, आणि कॅलेंडरने तिला अगदी बरोबर साडेनऊच दाखवले होते! कॅलेंडर वेळ लक्षात ठेवतं ती शहराच्या नावावर, `America/New_York` किंवा `Asia/Kolkata` अशी, आणि त्या शहराचं घड्याळ कुठल्या रविवारी हलतं याची यादी त्याच्याकडे असते. ९ मार्चचं त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला. म्हणजे एकाच निमंत्रणात वर साडेनऊ आणि खाली माझ्या मजकुरात साडेआठ. माणूस कशावर विश्वास ठेवतो? माणसाने लिहिलेल्या ओळीवर. तिने ठेवला.

मग तुम्ही म्हणाल, कॅलेंडरला कळतंय तर वेळा हाताने लिहायच्याच कशाला? मीही आठवडाभर तेच म्हणत होते. पण कॅलेंडर प्रत्येकाला फक्त त्याची स्वतःची वेळ दाखवतं. समोरच्याकडे किती वाजलेत हे कुणालाच दिसत नाही. आणि ते दिसलं की काय होतं, ते मला पुढच्या निमंत्रणाने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी मी माफीचा मेल टाकला. मीटिंग पुढच्या मंगळवारवर, २५ मार्चवर ढकलली. छपाई आठवडाभर लांबलीच होती. यावेळी कागद घेऊन बसले आणि चारही शहरांच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या, वार आणि तारखेसकट. आधी नेहमीची सातचीच वेळ धरून बघितली. पुणे, मंगळवार, संध्याकाळी ७. लंडन, दुपारी दीड. न्यूयॉर्क, सकाळी साडेनऊ. सिडनी... रात्री साडेबारा. आणि वार बुधवार, तारीख २६! फेब्रुवारीतही हेच होतं. तेव्हा फोटोग्राफर बिचारा रात्री साडेबाराला जागा राहिला होता आणि एक शब्द बोलला नव्हता. मी त्याला 'मंगळवारी भेटू' असं लिहिलं होतं. तो आला ते कॅलेंडरच्या कृपेने. नुसत्या मेलवर विसंबला असता, तर एक पूर्ण दिवस चुकला असता.

तो कागद मी मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "अगं, आणि पुण्याच्या सातचं काय? माझं पाळणाघर साडेसहाला बंद होतं. दर वेळी मी मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवून तुझ्या मीटिंगला बसते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? 'सगळ्यांना चालेल ना?' असं विचारतेस. त्यावर नाही कोण म्हणतं?"

गप्प बसले. चार वेळा एका रांगेत नसत्या आल्या, तर हे कधीच निघालं नसतं.

मग वेळ मागे सरकवत गेलो. पुण्याचे साडेपाच म्हणजे लंडनचे दुपारचे बारा, न्यूयॉर्कचे सकाळचे आठ, सिडनीचे रात्रीचे अकरा. मैत्रीण सहा दहाला उठली तर पाळणाघर गाठते. न्यूयॉर्कवाल्या बाईंना आठ थोडे लवकर होते. पण चारही वेळा बघून त्यांनी लगेच हो म्हटलं, कारण अकरा वाजता बसणारा माणूस त्यांना समोर दिसत होता. सगळ्यांना सोयीची अशी वेळ या चार गावांत नाहीच. जास्तीत जास्त गैरसोय कुणाची, एवढंच ठरवता येतं.

शेवटी जे निमंत्रण गेलं, ते मराठीत करून देते:

विषय: निर्णय हवा – मुखपृष्ठ. मंगळवार २५ मार्च, ४० मिनिटं.

न्यूयॉर्क: मंगळवार २५ मार्च, सकाळी ८.०० ते ८.४०
लंडन: मंगळवार २५ मार्च, दुपारी १२.०० ते १२.४०
पुणे: मंगळवार २५ मार्च, संध्याकाळी ५.३० ते ६.१०
सिडनी: मंगळवार २५ मार्च, रात्री ११.०० ते ११.१५ (पहिल्या मुद्द्यापुरतं)
(१२.०० यूटीसी. लंडनचं घड्याळ ३० मार्चला बदलेल, ही वेळ त्याआधीची आहे.)

१. मुखपृष्ठावर मळ्याचा फोटो की कपाचा? आज ठरवायचं. ठरवणार न्यूयॉर्क, शंकांना उत्तर देणार सिडनी. १५ मिनिटं.
२. पान १२ वरचा किती मजकूर कापायचा? ठरवणार लंडन. १५ मिनिटं.
३. छपाईची नवी तारीख. फक्त माहिती. ५ मिनिटं.

आधी वाचाच (सगळ्यांनी, ८ मिनिटं): 'मुखपृष्ठ – दोन पर्याय', २ पानं. एवढंच बघा: मासिकाचं नाव फोटोवर वाचता येतंय का?
आधी वाचा (फक्त लंडन, ५ मिनिटं): पान १२.
हवं असेल तरच: फोटोंचा पूर्ण संच. मीटिंगमध्ये त्यावर बोलणार नाही.

एजेंड्याचा क्रम बघा. मी नेहमी सोपं आधी, अवघड शेवटी अशी माणूस. आधी दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी, मग मुद्दा. पण इथे क्रम ठरवला घड्याळाने. सिडनीत रात्रीचे अकरा वाजलेत, म्हणून त्याचा मुद्दा पहिला. सव्वाअकराला तो झोपायला मोकळा. माहितीचा मुद्दा शेवटी, कारण वेळ संपली तर तो मेलवर जाऊ शकतो, आणि मैत्रिणीची घाई आहे. मिनिटांची बेरीज ३५, मीटिंग ४० ची. ती पाच मिनिटं 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' मध्ये जातात, हे आता मी धरूनच चालते. आणि मुद्दा प्रश्नाच्या रूपात लिहिला की मीटिंग संपली हे कळतं. नुसतं 'मुखपृष्ठ' लिहिलं तर त्यावर वर्षभर चर्चा करता येते.

आता वाचायच्या कागदांबद्दल. फेब्रुवारीच्या निमंत्रणाला मी पाच फायली जोडल्या होत्या आणि वर लिहिलं होतं, 'सोबतचं सगळं कृपया बघून यावे'. त्यात कंपनीच्या रंग-अक्षरांचे नियम सांगणारी ४६ पानांची पीडीएफही होती. क्लायंट बाईंनी ती वाचली. पूर्ण. नंतर फोनवर मला म्हणाल्या, "मी सगळी वाचली, पण ती मीच लिहिली आहे!" आणि जी दोन पानं बघायला हवी होती, ती चौथ्या फायलीत सातव्या आणि आठव्या पानावर. तिथवर कोण जातं? पाच फायली सारख्याच दिसत असल्या की माणूस एक तर पहिली उघडतो, नाही तर एकही नाही. म्हणून ती दोन पानं मी वेगळी काढली, फाइलला सरळ 'मुखपृष्ठ – दोन पर्याय' असं नाव दिलं, किती मिनिटं लागतील आणि कशासाठी वाचायचं ते लिहिलं. ज्यांना गरज नाही त्यांना 'तुम्ही नका वाचू' हेही लिहिलं. ही शेवटची ओळ लोकांना भारी आवडते, बरं का.

बड्या कंपन्यांनाही हे जमत नाही, असं दिसतं. अ‍ॅमेझॉनमध्ये मोठ्या मीटिंगच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून सहा पानी टिपण वाचतात, असं जेफ बेझोस यांनी २०१७ सालच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलंय. घरून वाचून येतील या भरवशावर राहायचंच नाही! आयडिया झकास आहे, पण रात्री अकराला बसलेल्या माणसासमोर मी पंधरा मिनिटं शांतता पाळू शकत नाही. त्याच्यासाठी आधी पाठवलेला कागदच बरा. खरं तर एखाद्या मंगळवारी तो झोपलाच, तर त्याच्या वतीने हजर राहणारा तो कागदच असतो. म्हणून त्याच फाइलमध्ये तो आपलं म्हणणं चार ओळींत लिहून ठेवतो.

आणि कागद कधी पाठवायचा, यातही घड्याळ आहेच. 'सकाळीच पाठवलं होतं की!' हे आपलं लाडकं वाक्य. मीटिंगच्या दिवशी सकाळी दहाला मी पाठवलं, तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे साडेबारा झालेले होते. त्यानंतर थेट त्यांचे आठ, म्हणजे मीटिंग. त्यांच्या ऑफिसचा एकही तास मधे नाही. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला पाठवलं, तर तिथे सोमवारचे सकाळचे नऊ. पूर्ण दिवस हातात. हा हिशेब कळल्यापासून मी शुक्रवारीच पाठवते, कारण सोमवारी लिंक उघडली नाही असं होऊ शकतं.

झालंही. बाईंनी सोमवारी रात्री नऊला निवांत फाइल उघडली. समोर पाटी, 'You need access'. त्यांनी विनंती पाठवली. माझ्याकडे मंगळवारचे पहाटेचे साडेसहा, फोन सायलेंट, मी गाढ. आठला उठून परवानगी दिली, तेव्हा त्यांच्याकडे साडेदहा वाजलेले. त्या झोपायच्या तयारीत. नशीब, फाइल दोनच पानांची होती, त्यांनी सकाळी चहा घेता घेता वाचली. (त्यांच्याच कंपनीचा चहा असावा!) आता लिंक पाठवायच्या आधी मी ती दुसऱ्या ब्राउझरमध्ये, लॉगइन न करता उघडून बघते. तिथे उघडली तर त्यांच्याकडेही उघडेल.

२५ मार्चला मुखपृष्ठ अकरा मिनिटांत ठरलं. कप. मळ्याच्या हिरव्या रंगावर नाव वाचताच येत नव्हतं, हे चौघांनाही आधीच दिसलं होतं. सिडनीवाला अकरा चौदाला गुडनाइट म्हणून गेला.

मग मी उत्साहाने 'दर मंगळवारी' असं निमंत्रण करून टाकलं, आणि पुढच्याच आठवड्यात लंडनवाला कुरकुरला. १ एप्रिलला त्याच्या कॅलेंडरवर बाराऐवजी एक वाजता मीटिंग, ऐन जेवणाच्या वेळी. ३० मार्चला त्याचं घड्याळ पुढे गेलं होतं. दर आठवड्याची मीटिंग ज्या शहराच्या वेळेवर बांधलेली असते, ते शहर जागचं हलत नाही, बाकीचे सरकतात. मी पुण्यातून केली, म्हणून पुणे कायम साडेपाच. तीच क्लायंटने न्यूयॉर्कच्या आठवर बांधली असती, तर हिवाळ्यात आपण सरकलो असतो. म्हणून आता मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी मी प्रत्येक मंगळवारची वेळ त्या त्या तारखेला तपासते. आजचा फरक बघून पुढच्या महिन्याची वेळ लिहायची नाही. कॅलेंडरमध्ये टाइम झोन बदलून दिसतं, timeanddate.com वर शहरं आणि तारीख घातली तरी दिसतं. दोन मिनिटं लागतात, मी कॉपी-पेस्टला घालवली तेवढीच.

ऑक्टोबरमध्ये उलटी गंमत. युरोपचं घड्याळ २६ ऑक्टोबरला मागे गेलं, अमेरिकेचं २ नोव्हेंबरला. मधल्या एका मंगळवारची, २८ तारखेची वेळ मी वेगळी लिहिली, कुणी चुकलं नाही. पण ४ नोव्हेंबरच्या रांगेत न्यूयॉर्कपुढे 'सकाळी ७.००' आलं, आणि बाईंनी सातला साफ नाही म्हटलं. त्यांचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेसहा.

साडेसहा. मी मैत्रिणीला फोन लावला. या वेळी 'चालेल ना?' असं नाही विचारलं. मंगळवारी मुलीला कोण आणेल, ते विचारलं.

"बघते," ती म्हणाली. "सासूबाईंची भिशी असते मंगळवारी. बुधवार जमेल का विचार न तुझ्या बाईंना."